धागा: पांढरा विग हीरोच्या डोक्यावरून उतरतो, हिरॉइनच्या डोक्यावरून का उतरत नाही?

अनघा_लिहिते

परवा रात्री 'शक्ती' परत बघितला, १९८२ चा, दिलीपकुमार-अमिताभवाला. लहानपणी बघितला होता तेव्हा फक्त बापलेकाची जुंपलेली लक्षात होती. यावेळी मधेच सिनेमा पॉज केला आणि जन्मसालं बघत बसले. दिलीपकुमार १९२२, अमिताभ १९४२, आणि राखी, जी एकाची बायको आणि दुसऱ्याची आई आहे, ती १९४७. म्हणजे नवऱ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आणि पोटच्या पोरापेक्षा पाच वर्षांनी लहान! आणि गंमत म्हणजे 'कभी कभी'मध्ये अमिताभ जिच्यासाठी कविता करत बसलेला असतो ती हीच राखी, त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. बरं त्याच 'शक्ती'त अमिताभची हिरॉइन कोण, तर स्मिता पाटील, १९५५ ची. म्हणजे सासू आणि सुनेत आठ वर्षांचं अंतर.

हे सगळ्यांना माहीत असलेलं आहे, विनोदही होतात यावर, पण मला प्रश्न पडलाय तो असा की हे नेमकं घडतं कसं? कुठल्या टेबलावर कोण ठरवतं की आता ही आई? आणि आपण प्रेक्षक म्हणून पिढ्यानपिढ्या हे बघतोय तर वय वाढणं म्हणजे काय याचं काहीतरी डोक्यात बसतच असणार ना. माझं वय ४६ आहे म्हणून जास्त टोचलं असेल, असू दे.

मंदार_७७

ताई 'शक्ती' कुठे बघितला? माझ्याकडची प्रिंट फार खराब आहे, आवाज मागेपुढे होतो.

अनघा_लिहिते

मंदार, माझ्याकडे जुनी डीव्हीडी आहे. धाग्याचा विषय प्रिंट नाही रे.

विनायक_देव

नमस्कार अनघाताई. थोडा दुसऱ्या बाजूने विचार करा. बायकाच लग्न झालं की काम सोडायच्या त्या काळात. नर्गिसने सोडलं, मुमताजने सोडलं, नीतू सिंगने सोडलं. जी उरली ती आई. आता कोणी उरलंच नाही तर निर्माता काय करणार. आणि पुरुषांनाही म्हातारं केलंच की. 'सारांश'मध्ये अनुपम खेर तिशीच्या आतला होता आणि निवृत्त मास्तर झाला, त्याची बायको झालेल्या रोहिणी हट्टंगडीही तेव्हा तरुणच होत्या. संजीवकुमार 'त्रिशूल'मध्ये अमिताभचा बाप आहे, खऱ्या आयुष्यात फक्त चार वर्षांनी मोठा. तेव्हा हा बायकांवरचाच अन्याय वगैरे म्हणणं मला पटत नाही. अभिनय म्हणजे अभिनय.

जुनी_रिळं

विनायकराव, तुम्ही संजीवकुमारचं नाव काढलंत ते फार बरं झालं, कारण हा सगळा प्रकार समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. फक्त ते तुमच्या बाजूने जात नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'त्रिशूल', १९७८. अमिताभचा बाप संजीवकुमार, आई वहिदा रेहमान. दोघांचंही जन्मसाल १९३८. म्हणजे एकाच वयाचे दोन कलाकार, दोघांकडेही उत्तम अभिनय, दोघांना आधी हीरो-हिरॉइन म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेलं, आणि दोघं एकाच सिनेमात आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान माणसाचे आईबाप होतात. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, दोघांनाही म्हातारं केलं. वहिदाचं तर 'कभी कभी'मध्ये दोनच वर्षांपूर्वी अमिताभशी लग्न झालेलं होतं, दिग्दर्शकही तोच, यश चोप्रा. बायको ते आई, दोन वर्षांत.

आता पुढे बघा. त्याच १९७८ साली संजीवकुमारचा 'पती पत्नी और वो' आला. त्यात तो केस काळे करून ऑफिसातल्या सेक्रेटरीच्या मागे लागलेला आहे, घरी विद्या सिन्हा, बाहेर रंजिता. म्हणजे एका थिएटरात अमिताभचा बाप आणि शेजारच्या थिएटरात छेलछबिला, आणि प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विग काढला, विषय संपला.

आणि वहिदा? चार वर्षांनी, १९८२ ला, गुलजारचा 'नमकीन' आला. त्यात संजीवकुमार ट्रक ड्रायव्हर आहे, एका घरात भाडेकरू म्हणून राहायला येतो. घरात तीन मुली, शर्मिला टागोर, शबाना आझमी आणि किरण वैराळे, आणि त्यांची म्हातारी आई. ती आई वहिदा रेहमान. संजीवकुमारचा जीव जडतो शर्मिलावर. म्हणजे 'त्रिशूल'मध्ये जिच्याबरोबर त्याने मूल जन्माला घातलं, तीच चार वर्षांनी त्याची होऊ घातलेली सासू. दोघांची जन्मसालं अजूनही १९३८ च आहेत. आणि शर्मिला १९४४ ची, म्हणजे आई-मुलीत सहा वर्षं.

मला म्हणायचंय ते एवढंच की म्हातारं दोघांना केलं पण परत तरुण व्हायची मुभा एकालाच होती. प्रश्न विग चढवण्याचा नाहीये, उतरवण्याचा आहे.

अनघा_लिहिते

बाप रे. हे मी तिन्ही सिनेमे बघितलेत आणि कधी एका ओळीत ठेवून बघितले नाहीत. तुमची परवानगी गृहीत धरून धाग्याचं शीर्षक बदलते.

विनायक_देव

मुद्दा मान्य, अर्धा. पण 'नमकीन' म्हणजे काही धंदेवाईक मसाला नव्हे हो. आणि वहिदाची भूमिका त्यात सुंदर आहे, पूर्वी नौटंकीत नाचलेली बाई, तापट, तिरसट, पोरींवर राज्य करणारी. अशी भूमिका मिळत असेल तर झाडाभोवती फिरणारी हिरॉइन होण्यात काय मोठेपणा? कलाकार म्हणून तिचा फायदाच झाला.

जुनी_रिळं

भूमिका सुंदर आहे यात वादच नाही. मी स्वतः त्या सिनेमासाठी भांडलो आहे लोकांशी. पण तिला दोन्ही करता आलं असतं तर? संजीवकुमारला म्हातारे, लंगडे, मुके, हात तुटलेले सगळे रोल मिळाले आणि वर हीरोही होता आलं, म्हणून तर आपण त्याला अष्टपैलू म्हणतो. अष्टपैलू व्हायला सगळे पैलू दाखवायची संधी लागते.

एक कबुली मात्र देतो. संजीवकुमार १९८५ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यामुळे पन्नाशीनंतर त्याचं काय झालं असतं ते सांगता येणार नाही. अमिताभचं काय झालं ते दिसतंच आहे.

पडद्यामागचा

बरेच दिवसांनी लॉगिन झालो या धाग्यासाठी. मी काही वर्षं कास्टिंगमध्ये असिस्टंट होतो, आता वेगळ्या क्षेत्रात आहे त्यामुळे मोकळेपणी लिहितो. अनघाताईंनी विचारलंय की कुठल्या टेबलावर ठरतं. तर खरं सांगायचं म्हणजे असं कुठलं टेबलच नसतं, म्हणूनच कोणाला त्यात काही चूक केल्यासारखं वाटत नाही.

क्रम असा असतो. पहिला हीरो. त्याला गोष्ट ऐकवतात, त्याने होकार दिला की मग पैसा उभा राहतो, कारण पैसा त्याच्या नावावर येतो. त्याच्या तारखा पक्क्या झाल्या की मग हिरॉइन, जिच्या तारखा त्याच्या तारखांत बसतील. आई सगळ्यात शेवटी, बरेचदा शूटिंग महिन्यावर आलेलं असताना. आमच्याकडे जो कागद यायचा त्यात प्रत्येक पात्रापुढे वय लिहिलेलं असायचं. हीरोच्या पात्रापुढे समजा '३०' लिहिलंय, कारण लेखकाने गोष्ट लिहिताना तसं धरलेलं. हीरो प्रत्यक्षात ४८ चा. आईपुढे लिहिलंय '५०-५२, ग्रेसफुल'. आता ती ५० ची आई ३० च्या पात्राची आहे, ४८ च्या माणसाची नाही. कागदावर हिशोब बरोबर आहे! आम्ही कागदाप्रमाणे ५० ची बाई आणतो, मग ती सेटवर हीरोशेजारी उभी राहते आणि मोठ्या बहिणीसारखी पण दिसत नाही. मग मेकअपवाल्याला सांगायचं, हिला जरा वाढव.

दुसरी भानगड फ्लॅशबॅकची. आई सिनेमात सहसा दोनदा दिसते. सुरुवातीला मूल कडेवर घेतलेली तरुण, आणि मग वीस-पंचवीस वर्षांनंतरची. हीरोचं लहानपण करायला बालकलाकार असतो त्यामुळे हीरोला स्वतःला तरुण दिसावं लागत नाही. आईला दोन्ही वयं स्वतःच करावी लागतात. मग निवड कशी होते, तर पहिल्या वयावरून. कारण पस्तिशीच्या बाईला साठीची करायला एक पांढरी बट, चष्मा, फिकी साडी, जरा वाकून चालणं, झालं. साठीच्या बाईला पस्तिशीची करणं कठीण आणि महाग. आणि हीरोच्या बाबतीत बरोबर उलटं. तिथे पन्नाशीच्या माणसालाच घ्यायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि त्याला तिशीचा करायला लागेल तेवढा खर्च करायचा, हेअरपॅच, डाय, लाइट, आणि हल्ली तर एडिटनंतर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फ्रेम-फ्रेमने पुसतात. म्हणजे एकाच सिनेमात बाईला वर ओढतात आणि बाप्याला खाली. दोघं मधे कुठेतरी एकमेकांना ओलांडून जातात. 'शक्ती'त राखीचं तेच झालंय बघा, ती सुरुवातीला लहान विजयची आई आहे, म्हणून ३५ ची राखी लागली.

तिसरं कारण बोलायला वाईट वाटतं. खरंच सत्तर वर्षांची बाई शेजारी उभी केली तर हीरोचं वय उघडं पडतं. हे कोणी तोंडाने म्हणत नाही. लुक टेस्टनंतर निरोप येतो की 'जरा जास्त मोठ्या वाटतायत, दुसरे ऑप्शन दाखवा.' आई तरुण असली की मुलगा आपोआप तरुण.

टिवल्याबावल्या

आणि चौथा उपाय म्हणजे आई भिंतीवर, हार घालून. ना तारखा ना मेकअप. बाप मात्र हयात, संवाद म्हणायला.

पडद्यामागचा

हसू नका, हे खरंच होतं. स्क्रिप्ट लांबलं की पहिली कात्री आईवर. एकदा तर चांगले चार सीन असलेली आई शूटच्या आठवडाभर आधी फोटो झाली. ज्या बाईंना घेतलं होतं त्यांना फोन मी केला होता. त्या म्हणाल्या, 'अरे मग फोटो तरी माझा लाव, तेवढेच पैसे.' लावला.

कविता_एम

'शक्ती' वगैरे जुन्या काळातलं झालं असं कोणाला वाटत असेल तर सोनाली कुलकर्णी आठवा. 'मिशन कश्मीर', २०००. ती हृतिकला वाढवणारी आई आहे त्यात. हृतिक जानेवारी १९७४ चा, सोनाली नोव्हेंबर १९७४ ची. आई मुलापेक्षा दहा महिन्यांनी लहान. आणि 'भारत'मध्ये, २०१९ ला, ती सलमानची आई, तो १९६५ चा. म्हणजे एकोणीस वर्षांत प्रगती काय, तर दहा महिन्यांचं अंतर नऊ वर्षांवर गेलं.

रीमा लागूंबद्दल तर लिहायलाच नको. 'मैंने प्यार किया' आला तेव्हा त्या ३१ च्या होत्या. 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई, त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठ्या. आणि ती आई काय केलीय त्यांनी, शेवटचा प्रसंग मी आजही एकटी असताना बघू शकत नाही. पण नाटकात त्यांनी काय काय केलंय ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा, हिंदीने त्यातलं एकच उचललं.

विनायक_देव

मी हट्टाने बोलतोय असं समजू नका पण 'आराधना'चं काय? शर्मिला त्यात राजेश खन्नाची बायको आणि मग त्याच राजेश खन्नाची आई, पांढरे केस वगैरे सगळं. १९६९, वय २४-२५. विग चढला आणि उतरलाही! तीन वर्षांनी 'अमर प्रेम' आला, परत राजेश खन्नाच, परत नायिका. मग रिळंसाहेब तुमचा नियम कुठे गेला?

जुनी_रिळं

चांगला पकडलात. याचं उत्तर मी जरा विचार करून देतो, कारण याने माझं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतंय.

'आराधना' मुळात तिचा सिनेमा आहे. गोष्ट तिची, सुरुवात-शेवट तिचा, राजेश खन्ना तेव्हा नवा. प्रेक्षकाने तिला आधी तरुण बघितली, प्रेमात पडलेली बघितली आणि मग डोळ्यांसमोर म्हातारी होताना बघितली. 'मदर इंडिया'त नर्गिसचं तेच. ती आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त दोघंही १९२९ च्या जूनमधले, दिवसांचा फरक, पण तो सिनेमा बघताना कोणाला खटकत नाही कारण ते म्हातारपण एका आयुष्याचा भाग म्हणून येतं. अशा ठिकाणी विग उतरतो. जिथे बाई थेट 'हीरोची आई' म्हणून येते आणि हीरो तिच्याहून मोठा स्टार असतो, तिथे उतरत नाही. तेव्हा नियम विगचा नाही, सिनेमा कोणाचा आहे याचा आहे, असं आता म्हणतो.

आणि दुसरं, पंचविशीत केलेली म्हातारी चालून जाते. पस्तिशीत-चाळिशीत केलेली चिकटते. शर्मिलालाच बघा ना, १९८२ च्या 'देशप्रेमी'त अमिताभचा डबल रोल, बाप आणि मुलगा. शर्मिला बापाची बायको आणि मुलाची आई. मुलाची नायिका हेमामालिनी, शर्मिलापेक्षा चारच वर्षांनी लहान. अमिताभ मात्र त्याच सिनेमात दोन्हीकडे, मास्तरांचे पांढरे केसही त्याचेच आणि हेमाबरोबरची गाणीही त्याचीच.

राखीबाईंबद्दल अजून एक. 'शक्ती'नंतर दोन-तीन वर्षांतच अपर्णा सेनने तिला 'परमा'मध्ये घेतलं, बंगालीत. मध्यमवयीन गृहिणी, मोठी मुलं, आणि तिच्या आयुष्यात एक तरुण फोटोग्राफर येतो. म्हणजे जिला हिंदीने हीरोची आई ठरवून टाकलं होतं ती त्याच सुमारास दुसरीकडे नायिका होती, त्याच चेहऱ्याने. त्यानंतर हिंदीत परत 'राम लखन', 'करण अर्जुन'. चेहऱ्यात दोष नव्हता हे सिद्ध करायला यापेक्षा काय पाहिजे.

नलिनी_स

मी सिनेमातली नाही, हौशी नाटकवाली. आमच्या ग्रुपमधला एक जण आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी ३३ ची असताना आम्ही नवराबायको होतो एका नाटकात, स्पर्धेत बक्षीसही मिळालं. ३९ ला मी त्याची मोठी वहिनी झाले. मागच्या वर्षी ४७ ला नवीन नाटकाचं वाचन झालं, त्यात तो नायक आणि मला सांगितलं की ताई तुम्ही त्याची आई करा, तुमचा आवाज भारदस्त आहे. मी म्हटलं त्याचं पोट पण भारदस्त आहे, त्याला बाप करा. सगळे हसले आणि रोल तसाच राहिला. आणि मी केला, कारण नाही म्हटलं असतं तर त्या नाटकात दुसरा रोलच नव्हता बाईला, एक २२ ची आणि एक आई. आमच्यात कुठे आलेत स्टार आणि पैसा? तिकीटही नसतं. तरी तेच. म्हणून मला पडद्यामागच्यांचं अर्धंच पटलं, पैशाचं कारण आमच्याकडे लागूच होत नाही.

तो मेला फोन करून म्हणतो कसा, 'आई गं, डायलॉग पाठ झाले का?'

पडद्यामागचा

नलिनीताई, तुमचं खरं आहे. पैसा हे इंडस्ट्रीने स्वतःला दिलेलं कारण आहे, आणि ते खोटं नाही, पण त्याच्याही खाली लिहिणाऱ्याच्या डोक्यातच दोन कप्पे असतात. तुम्ही म्हणालात ना, एक २२ ची आणि एक आई. आमच्याकडच्या कागदांवरही ३८ ते ५५ च्या बाया क्वचित असायच्या, असल्या तर वकील, डॉक्टर, इन्स्पेक्टर, एक सीन.

कविता_एम

यावर आकडे आहेत, हॉलिवूडचे. २०१६ मध्ये 'द पुडिंग' नावाच्या वेबसाइटवाल्यांनी दोन हजारांच्या आसपास पटकथा घेऊन कुठल्या वयाचं पात्र किती बोलतं ते मोजलं. बायकांना मिळालेल्या सगळ्या संवादांपैकी ४२ ते ६५ वयाच्या बायकांच्या वाट्याला २० टक्के. पुरुषांच्या संवादांपैकी त्याच वयोगटातल्या पुरुषांच्या वाट्याला ३९ टक्के. म्हणजे पुरुषाला कंठ फुटतो त्याच वयात बाईचा बसतो. तिकडच्याच मॅगी जिलनहॉल या नटीने २०१५ मध्ये उघड सांगितलं होतं की ५५ च्या नटाची प्रेयसी म्हणून तिला जास्त वयाची ठरवलं गेलं, ती तेव्हा ३७ ची होती. आणि आपल्याकडे २०१७ ला नीना गुप्तांनी सोशल मीडियावर सरळ लिहिलं की मी चांगली नटी आहे, मुंबईत राहते, काम पाहिजे. पुढच्याच वर्षी 'बधाई हो'. पण असं काम मागायची वेळ कुठल्या त्या वयाच्या हीरोवर आलीय?

सुहास_टेक

आता ओटीटी आलंय ना, हा विषय जुना झाला. 'आर्या' आहे, 'दिल्ली क्राइम' आहे, शेफाली शाह बघा. मराठीत 'बाईपण भारी देवा' किती चालला, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. मार्केट आपोआप सुधारतं.

अनघा_लिहिते

सुहास, शेफाली शाहचं नाव घेतलंस म्हणून, ती 'वक्त'मध्ये अक्षयकुमारची आई होती, २००५ ला. तो तिच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा. आणि त्यानंतर 'दिल्ली क्राइम' यायला २०१९ उजाडलं. मधल्या चौदा वर्षांत तो काय करत होता आणि ती काय करत होती ते बघ. मार्केट सुधारलं असेल पण तिचं ३२ ते ४५ वय परत देणार आहे का मार्केट?

'बाईपण' मला आवडला, मी मैत्रिणींबरोबर दोनदा गेले. पण त्यात सहा जणींना मिळून एक सिनेमा लागला हेही आहेच.

सुहास_टेक

हे जरा ताणलंय ताई. सहा बहिणींचीच गोष्ट आहे ती. पण असो. मला एक सांगा, याने प्रेक्षकावर परिणाम होतो हे कशावरून? मी कुठेतरी वाचलंय की म्हातारपणाबद्दल निगेटिव्ह बघितलं की आयुष्य साडेसात वर्षांनी कमी होतं. असलं काही खरं असतं का?

डॉ_मृणाल

थोडी गफलत झालीय, सुधारते. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा अभ्यास आहे तो, २००२ चा. अमेरिकेतल्या ओहायोमधले पन्नाशीच्या पुढचे ६६० लोक. आपल्या स्वतःच्या वय वाढण्याबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ते, ज्यांचं मत वाईट होतं त्यांच्यापेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. त्यात सिनेमा-टीव्ही कुठेच नाही. आणि तब्येत, एकटेपणा वगैरे गोष्टी त्यांनी हिशोबात घेतल्या असल्या तरी मत हेच कारण, असं छातीठोक म्हणता येत नाही, दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या एवढंच.

टीव्हीवरचा अभ्यास वेगळा आहे, त्यातही लेव्ही होत्या, २००५ चा. साठीपासून ते ९२ पर्यंतची ७६ माणसं. जे आयुष्यभर जास्त टीव्ही बघत आले होते त्यांच्या मनातली म्हातारपणाची चित्रं जास्त वाईट निघाली. मग त्यातल्या अर्ध्या लोकांना आठवडाभर वही लिहायला सांगितली, आज जे बघितलं त्यात म्हातारी माणसं कोण होती, कशी दाखवली होती. वही लिहिणाऱ्यांना जाणवायला लागलं की आपल्या वयाचं कोणी दिसतच नाही, दिसलं तर कसं दिसतं. तोपर्यंत ते रोज बघत होते आणि जाणवलं नव्हतं. इथेही, टीव्हीमुळे चित्रं वाईट झाली की आधीच उदास असलेले जास्त टीव्ही बघत होते, हे त्यातून पक्कं सांगता येत नाही. पेशंट म्हणून साठीच्या बायका येतात, त्या 'आता काय आमचं' हे इतक्या सहज म्हणतात की ते वाक्य त्यांना कोणी शिकवलं असावं असं वाटतं. पण हा माझा अंदाज, पुरावा नव्हे.

टिवल्याबावल्या

वहीची आयडिया भारी आहे. माझी आई ७१ ची आहे आणि संध्याकाळचे तीन तास तिचे टीव्हीचे. तिला वही दिली आहे. तीन रकाने, कोण, वय अंदाजे, काय करते. कळवतो.

टिवल्याबावल्या

(चार दिवसांनी)

आईची वही, शब्दशः उतरवतोय.

सोमवार. आजी, ७०, आजारी आहे. काकू, ५०, भांडण लावते. आई, ४५ पण ३० ची दिसते, रडते.
मंगळवार. तीच आजी, बेशुद्ध. सासू, ५५, कारस्थान.
बुधवार. सिनेमा लावला होता. हीरोची आई, ६० दाखवलीय, वाट बघते.
गुरुवार. आजी शुद्धीवर आली, सगळ्यांना माफ केलं. दुसऱ्या सिनेमात आई, वाट बघते.

पुरुषांचा रकाना मी सांगितला नव्हता, तिने आपणहून खाली लिहिलंय: 'हीरो, वय लिहिता येत नाही.'

मी तिला म्हटलं वाईट वाटलं का गं. तर म्हणाली नाही, मला सासूचं काम आवडतं, त्या कारस्थानवालीचं. म्हटलं का? 'ती एकटीच काहीतरी करते.'

नलिनी_स

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वाचनाला मी खलनायिका मागणार आहे.

विनायक_देव

हे वाचून मी घरी विचारलं, आमच्या सौभाग्यवतींना, की तुला अमिताभची आई आठवते का. म्हणाल्या निरूपा रॉय. मी म्हटलं नाव नको, ती काय करायची. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, 'खोकायची.' मी माझा मुद्दा पूर्ण सोडलेला नाही, लग्नामुळे काम सोडणाऱ्याही होत्याच, पण आता तो छोटा वाटायला लागलाय.

जुनी_रिळं

टिवल्या, वही बंद करू नकोस. आईंना 'परमा' दाखव आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहितात ते सांग.

टिवल्याबावल्या

बंगाली आहे ना, तिला सबटायटल भराभर वाचता येत नाहीत. मी शेजारी बसून वाचून दाखवेन म्हणतोय, पण काही सीन आईला वाचून दाखवायचे म्हणजे माझीच पंचाईत आहे. रविवारी बघतो.

मंदार_७७

'परमा'ची चांगली प्रिंट मिळाली तर मलाही सांगा.